लेख एक, प्रश्न पंचवीस

जून महिना जवळ आला की साप्ताहिकांत आणि पुरवण्यांत मान्सूनवरचे लांबलचक लेख येतात. तीनएक हजार शब्दांच्या अशा लेखाची मांडणी ठरल्यासारखी असते. आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी सुरुवातीला. मग धूमकेतूवाला एडमंड हॅली, ज्याने १६८६ साली जमीन आणि समुद्र कमीजास्त तापतात म्हणून हे वारे वाहतात असे मांडले. मग विषुववृत्त ओलांडून येणारे वारे, केरळात होणारे आगमन, सह्याद्री, पर्जन्यछाया, मध्येच एल निनो, आणि शेवटी हवामान खात्याचा यंदाचा अंदाज. लेख चांगला असेल तर वाचक एका बैठकीत वाचून काढतो आणि सगळे समजल्याच्या समाधानात पान उलटतो.

आठवड्याने त्याला कोणी विचारले, की महाबळेश्वरला एवढा कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या फलटणला का नाही, तर बहुधा हॅली आठवतो, शेतकरी आठवतो, ‘डोंगरामुळे’ हा शब्दही आठवतो. डोंगर नेमके काय करतो, तिथे मात्र गाडी अडते.

हा अनुभव प्रयोगातही मोजला गेला आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना माहितीपर उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे पुन्हा वाचताना येणारा ‘हे तर येते मला’ हा भाव त्या दिवसापुरता खरा असतो, आणि म्हणूनच फसवा असतो.

लेखाचे प्रश्नोत्तरांत रूपांतर करण्याची खटपट त्यासाठी. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वह्या भरभरून हे काम चालते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा अनेक वर्षे वस्तुनिष्ठ होती, चार पर्यायांतून एक निवडायचा. तोवर लेखातले आकडे आणि नावे उचलून प्रश्न केले तरी भागत असे. २०२५पासून ही परीक्षा वर्णनात्मक झाली आणि ‘का’ व ‘कसे’ यांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची पाळी आली. ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांवर पोसलेल्या पिढीला हा बदल सोपा गेलेला नाही.

प्रश्नोत्तरांचा घाट मराठीला नवा नाही. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ हे १८७३ सालचे पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातूनच उलगडते. पण तिथला प्रश्न मागच्या उत्तरातून उगवतो आणि युक्तिवाद पुढे ढकलतो. क्रम मोडला तर संवाद कोसळेल. अभ्यासासाठीचा प्रश्न वेगळ्या जातीचा असतो. तो गठ्ठ्यातून कुठूनही उचलला तरी एकट्याने उभा राहायला हवा. या एका अटीमुळे पुढचे बरेचसे काम ठरते.

समजा, मान्सूनवरचा असाच एक चोवीस परिच्छेदांचा लेख हाती घेतला. पहिले वाचन पेन न घेता करावे. हातात पेन असले की माणूस पहिल्या ओळीपासून अधोरेखित करत सुटतो आणि पान पिवळेधमक होते. दुसऱ्या वाचनात परिच्छेदांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाशेजारी समासात एकच गोष्ट लिहावी: हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो? परिच्छेद कशाबद्दल आहे, हे लिहू नये. ‘सह्याद्री’ असा शेरा मारणे सोपे असते आणि त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘घाटमाथ्यावर पाऊस का वाढतो?’ असे लिहायचे तर परिच्छेद खरोखर समजून घ्यावा लागतो.

इथेच पहिला शोध लागतो. काही परिच्छेद कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. शेतकऱ्याचे वर्णन, पहिल्या पावसाचा मातीचा वास, एखादा किस्सा, हे सारे वाचकाला लेखात ओढून आणण्यासाठी असते. ते काम झाले, त्यांना प्रश्न नको. उलट काही परिच्छेद दोन-तीन प्रश्नांची उत्तरे एका दमात देतात. त्यांच्या समासात तेवढे प्रश्न लिहावेत. आणि एकच प्रश्न चौथ्या, नवव्या आणि सतराव्या परिच्छेदाशेजारी पुन्हा पुन्हा उगवतो. लेखकाने चौथ्यात जमीन तापल्याचे सांगितलेले असते, नवव्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे उजवीकडे वळतात हे सांगितलेले असते, आणि सतराव्यात ओघात म्हटलेले असते की हिवाळ्यात हेच वारे उलटे, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. लेख गोष्टीच्या क्रमाने चाललेला असतो, त्यामुळे एका कल्पनेचे तुकडे असे विखुरतात. ते एकत्र आणणे हे शीर्षकांचे काम.

समासातले प्रश्न आता चिठ्ठ्यांवर उतरवून टेबलावर पसरावेत आणि लेखाचा क्रम विसरून जे एकमेकांना धरून आहेत त्यांचे गठ्ठे करावेत. बहुतेकांची पहिली वाटणी चुकते, आणि ती एकाच पद्धतीने चुकते. ‘इतिहास’, ‘महाराष्ट्र’, ‘शास्त्रज्ञांचे कार्य’, ‘आकडेवारी’ असे गठ्ठे पडतात. हे पेटीवरचे कप्पे झाले, संकल्पना नव्हेत. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. ‘शास्त्रज्ञांचे कार्य’ या कप्प्यात ते हॅलीशेजारी जाऊन बसतात, आणि दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध लागत नाही. खरे तर हॅलीचा प्रश्न ‘वारे दिशा का बदलतात’ या शीर्षकाखाली जायला हवा. वॉकर यांनी प्रशांत महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या हवेच्या दाबाचा झोका हुडकला, म्हणून त्यांची जागा ‘पाऊस वर्षागणिक का बदलतो’ इथे.

शीर्षक संकल्पनेचे आहे की नुसता कप्पा, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. त्या शीर्षकाखालची समज घेऊन लेखात नसलेल्या एखाद्या ठिकाणाचे किंवा घटनेचे कोडे सुटते का? ‘डोंगर आणि पाऊस’ समजले की जून ते सप्टेंबरात तमिळनाडूचा बराच भाग तुलनेने कोरडा का राहतो हेही सांगता येते, कारण तोही सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. ‘महाराष्ट्रातील पाऊस’ या शीर्षकाखाली कितीही पाठ केले तरी तमिळनाडूबद्दल चकार शब्द काढता येत नाही.

या लेखाचे चार गठ्ठे पुरतात: वारे दिशा का बदलतात, डोंगर आणि पाऊस, पाऊस वर्षागणिक का बदलतो, आणि ‘आगमन’ व ‘सरासरी’ कशाला म्हणतात. चोवीस परिच्छेदांतून वीस ते पंचवीस प्रश्न निघाले तर ठीक. पन्नास निघाले तर आकडे वेचण्याचा सोस सुटलेला नाही, आणि आठच निघाले तर प्रत्येक प्रश्न म्हणजे एकेक निबंध झाला आहे, असे समजावे.

आता एक परिच्छेद जवळून पाहू. लेखात तो साधारण असा असेल: ‘अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले नैर्ऋत्येचे वारे कोकणपट्टी ओलांडतात आणि सह्याद्रीला थडकतात. पुढे वाट नसल्याने हवा वर चढते. वर दाब कमी, त्यामुळे ती पसरते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प तेवढे मावत नाही. ढग दाटतात आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस होतो. घाट ओलांडून हीच हवा पूर्वेला उतरू लागते तेव्हा ती दाबली जाऊन तापते. सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवरच्या फलटणला मग पाचशेच्या आसपास मिलिमीटरवर समाधान मानावे लागते.’

नवखा माणूस यातून झटपट चार प्रश्न काढतो. महाबळेश्वरला किती पाऊस पडतो? सह्याद्रीमुळे पाऊस पडतो का? लेखकाने पर्जन्यछायेबद्दल काय सांगितले आहे? पर्जन्यछायेची सविस्तर माहिती द्या.

चारही निकामी, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे. पहिल्याचे उत्तर येणाऱ्याला फक्त एक आकडा येतो. दुसऱ्याचे उत्तर प्रश्नातच लपलेले आहे. काही न वाचताही ‘हो’ म्हणता येते. तिसरा लेखाला बांधलेला आहे, लेख हरवला की प्रश्नही मेला. चौथ्याचे उत्तर कुठे संपते हेच कळत नाही, त्यामुळे दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येत नाही, आणि अभ्यासणारा स्वतःला नेहमीच थोडे जास्त गुण देतो.

तोच परिच्छेद नीट सोडवला तर असे काहीसे हाती येते.

डोंगर आणि पाऊस

प्रश्न: डोंगर चढणारी हवा थंड का होते?
उत्तर: उंचीवर हवेचा दाब कमी असतो. वर चढणारी हवा पसरते आणि पसरण्यासाठी स्वतःचीच ऊर्जा खर्च करते, म्हणून तिचे तापमान उतरते. ढग बनण्याआधी ही घट दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस असते.

प्रश्न: हवा थंड झाल्याने घाटमाथ्यावर पाऊस का पडतो?
उत्तर: तापमान उतरले की हवेतले बाष्प टिकण्याची मर्यादा घटते. जास्तीच्या बाष्पाचे थेंब होऊन ढग बनतात. समुद्राकडून नवी दमट हवा सतत येत राहते, म्हणून पाऊसही चालू राहतो.

प्रश्न: घाट ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पाऊस का देत नाही? दोन कारणे सांगा.
उत्तर: एक, तिच्यातले बरेच बाष्प घाटमाथ्यावरच पडून गेलेले असते. दोन, उतरताना ती दाबली जाऊन तापते, त्यामुळे उरलेल्या बाष्पाचेही ढग होत नाहीत.

प्रश्न: महाबळेश्वर आणि फलटण एकाच जिल्ह्यात असूनही पावसात दहापटीहून जास्त फरक का?
उत्तर: महाबळेश्वर वाऱ्याच्या समोरच्या बाजूच्या माथ्यावर आहे, तिथे हवा चढते. फलटण पलीकडे आहे, तिथे उतरलेली, बाष्प गमावलेली हवा पोहोचते. साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक विरुद्ध सुमारे पाचशे.

दोन्ही आकडे शेवटच्या उत्तरात आले आहेत, पण फरकाला पुरावा म्हणून. स्वतंत्रपणे विचारलेले नाहीत. तिसऱ्या प्रश्नात ‘दोन कारणे’ असे मुद्दाम म्हटले आहे. पर्जन्यछाया समजावताना बहुतेक जण पहिल्या कारणावर थांबतात. पाऊस तिकडे पडून गेला, इकडे काय उरणार, एवढे पुरेसे वाटते. उतरणारी हवा तापते ही बाजू लेखात एका वाक्यात आलेली असते आणि वाचताना निसटते. प्रश्नात संख्या घातली की ती निसटू शकत नाही.

पहिल्या प्रश्नाचा उपयोग आणखी वेगळा. ‘वर हवा थंडच असते, म्हणून’ असे उत्तर अनेकांच्या तोंडी असते. ते चूक आहे. चढणारी हवा वरच्या हवेच्या संगतीने थंड होत नाही, स्वतः पसरल्याने होते. हा गैरसमज शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात कधीच उघडा पडला नसता, कारण तो तसाच ठेवूनही महाबळेश्वर-फलटणचा फरक सांगता येतो. साखळीचा प्रत्येक सांधा वेगळा विचारला की कुठला कच्चा आहे ते दिसते. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी पाठांतरासाठी संगणकप्रणाली बनवली आणि १९९९ साली प्रश्न रचण्याचे वीस नियम लिहिले. एका प्रश्नात शक्य तितकी कमी माहिती ठेवा, हा त्यांच्या यादीतला गाजलेला नियम. तो ताणला तर मात्र प्रश्नांचा भुगा होतो, सांधे सुटे पडतात आणि साखळी हरवते. म्हणून चौथा प्रश्न हवाच: तिन्ही सांधे जोडून घेणारा.

उत्तरांच्या लांबीचा वाद नेहमी निघतो. तीस ते पन्नास शब्द, म्हणजे अर्ध्या मिनिटात बोलून होईल एवढे, हे माप व्यवहारात बसते. पहिल्या वाक्यातच उत्तर यावे आणि नंतर कारण किंवा उदाहरण. लेखातली वाक्ये जशीच्या तशी उचलली तर ती प्रवाहातून तोडल्यासारखी दिसतात. ‘तसेच’, ‘याउलट’, ‘हीच हवा’ असे शब्द मागच्या वाक्याकडे बोट दाखवतात आणि चिठ्ठीवर मागचे वाक्य नसते. उत्तरात ‘ही’, ‘ते’, ‘त्यामुळे’ आले, की कोण आणि कशामुळे हे तिथल्या तिथे कळते का, एवढे पाहावे.

‘पाऊस वर्षागणिक का बदलतो’ हा गठ्ठा सर्वांत अवघड जातो, कारण इथे लेखकाने बोलताना सावधपणा ठेवलेला असतो आणि प्रश्नोत्तरांत नेमका तोच गळून पडतो. लेख म्हणतो, प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापला म्हणजे एल निनो आला की भारतात पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते, पण दर वेळी तसे होतेच असे नाही. चिठ्ठीवर उतरते ते असे: ‘एल निनोचा परिणाम काय? दुष्काळ.’ दोन शब्दांत चूक. परीक्षार्थी हे उत्तर बिनचूक पाठ करतो, आणि पाठ झालेले चुकीचे उत्तर न आलेल्या उत्तरापेक्षा निस्तरायला कठीण.

‘पण’ या शब्दानंतर लेखकाने जे लिहिले त्याचा वेगळा प्रश्न करणे, हा त्यावरचा उपाय. आकडे इथे खरोखर कामाला येतात. १९९७ साली एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत जोरकसांपैकी एक होता, आणि भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ साली एल निनो मध्यम होता, पाऊस ८१ टक्क्यांवर घसरला आणि दुष्काळ पडला. मग प्रश्न असा होतो: एल निनो आणि भारतातला पाऊस यांचा संबंध ‘शक्यता’ या भाषेतच का सांगावा लागतो? उत्तरात ही दोन वर्षे समोरासमोर ठेवायची आणि एक ओळ जोडायची, की पावसावर इतरही घटकांचा असर असतो. उदाहरणार्थ हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापलेला असला तर भारताच्या पावसाला हातभार लागू शकतो. २०१९ साली तसे घडले होते आणि पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला होता.

असाच सापळा यादीचा. मान्सून केरळात आल्याचे हवामान खाते कसे ठरवते, हा लेखातला परिच्छेद अटींनी ठासलेला असतो. १० मेनंतर, ठरवलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस, शिवाय पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची विशिष्ट उंचीपर्यंतची खोली आणि वेग, शिवाय जमिनीकडून आकाशात परतणाऱ्या उष्णतेच्या प्रारणाची कमाल मर्यादा. ‘आगमनाचे निकष लिहा’ असा प्रश्न केला तर पाठ करणारा पाच आकडे घोकतो, आणि चार दिवसांनी १४ आणि ६० यांची अदलाबदल करतो.

इथे आकड्यांआधी हेतू विचारावा. नुसता पाऊस मोजून आगमन का जाहीर करत नाहीत? कारण मे महिन्यात वळवाचा किंवा एखाद्या कमी दाबाच्या क्षेत्राचा पाऊसही केरळात जोरदार पडतो. मोठ्या प्रदेशावर वारे स्थिरावले आणि ढगांचे आच्छादन पसरले, तरच तो मान्सूनचा म्हणायचा. प्रारणाची अट ढगांसाठीच असते, कारण दाट उंच ढग खालून येणारी उष्णता अडवतात आणि उपग्रहाला ती कमी दिसते. हे कळल्यावर पाऊस, वारा, ढग अशा तीन अटी आपोआप लक्षात राहतात. पावसाच्या अटीतले आकडे मग एका वेगळ्या प्रश्नात विचारता येतात, आणि वाऱ्याचे व प्रारणाचे तांत्रिक आकडे सामान्य वाचकाने सोडून दिले तरी बिघडत नाही. काय सोडायचे हे ठरवणे या कामातला मोठा भाग आहे, आणि नेमका तोच लोक टाळतात. लेखात आहे म्हणजे प्रश्न हवाच, असा एक अपराधी भाव असतो.

प्रश्न तयार झाले की तपासणी. तीही दोन प्रकारे करता येते. लेख न वाचलेल्या कुणाला तरी फक्त प्रश्न द्यावेत. उत्तर त्याला आले नाही तरी चालेल. काय विचारले आहे ते कळले पाहिजे. ‘यात वॉकर यांचा वाटा काय?’ असा प्रश्न वाचून त्याने ‘कशात?’ म्हटले, की प्रश्न दुरुस्तीला काढावा. दुसरी तपासणी स्वतःची, आठवड्याने, लेख आणि उत्तरे दोन्ही झाकून. उत्तर लिहायचे आणि मगच ताडून पाहायचे. जो प्रश्न तीन वेळा चुकतो, त्यात दोष बहुधा प्रश्नाचाच असतो: त्यात दोन प्रश्न एकत्र बांधलेले असतात, किंवा त्याच्यासारखाच दुसरा प्रश्न गठ्ठ्यात असतो आणि दोघांची उत्तरे एकमेकांत मिसळतात. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात चिठ्ठ्यांसाठी कप्प्यांची पेटी सुचवली होती. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली परत पहिल्या. पहिल्या कप्प्यात मुक्काम ठोकून बसलेल्या चिठ्ठ्या या पेटीत चटकन नजरेत भरतात आणि त्याच पुन्हा लिहायच्या असतात.

उलट फार लवकर येणाऱ्या उत्तरांकडेही संशयाने पाहावे. प्रश्नाचा चेहरा बघूनच उत्तर सुचू लागते. ‘फलटण’ शब्द दिसला की ‘पर्जन्यछाया’ बाहेर पडते, विचार काहीच होत नाही. अशा वेळी नाव बदलावे. फलटणच्या जागी तमिळनाडू घालावे, किंवा विचारावे, की वारे सह्याद्रीला थडकण्याऐवजी त्याला समांतर वाहू लागले तर घाटमाथ्यावर काय होईल? लेखात याचे उत्तर नाही, पण लेखात जे आहे त्यावरून ते काढता येते: डोंगर वाऱ्याच्या आड न आल्याने हवेला चढण्याचे कारण उरणार नाही आणि पाऊस घटेल. अशा प्रश्नापुढे ‘लेखावरून अनुमान’ अशी खूण करून ठेवणे बरे, नाहीतर काही महिन्यांनी लेखकाने म्हटलेले कोणते आणि आपण काढलेले कोणते, याचा गोंधळ होतो.

काही गोष्टी या घाटात बसत नाहीत, हेही मान्य करावे लागते. हॅलीच्या कल्पनेपासून वॉकर यांच्यापर्यंत आणि तिथून आजच्या महासागरांच्या अभ्यासापर्यंत विचार कसा सरकत गेला, ही लेखातली सर्वांत वाचनीय गोष्ट असू शकते. पंचवीस सुट्या प्रश्नांत तिचा मागमूस राहत नाही. त्यासाठी शेवटी एखादा दीर्घोत्तरी प्रश्न ठेवणे किंवा सरळ लेख पुन्हा वाचणे, एवढेच करता येते. मूळ लेखाचे कात्रण म्हणूनच टाकू नये, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात परिच्छेदाचा क्रमांक टिपून ठेवावा.

चौथ्या गठ्ठ्यातल्या उत्तरांवर तर तारीखही हवी. ‘सरासरी पाऊस म्हणजे किती?’ याचे उत्तर हवामान खातेच अधूनमधून बदलते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या वर्षांवरून काढली तेव्हा ८९ सेंटिमीटर होती, १९६१ ते २०१० वरून ८८, आणि २०२२पासून वापरात आलेली, १९७१ ते २०२० या वर्षांवरची, ८७. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर वर्ष सर्वसाधारण धरतात. जुन्या लेखावरून ८९ लिहिलेला आणि नव्या लेखावरून ८७ लिहिलेला असे दोघे समोरासमोर आले तर दोघेही बरोबर असतात, फक्त कोणत्या वर्षांची सरासरी हे चिठ्ठीवर नसते. प्रश्न बदलून ‘१९७१ ते २०२० या काळावरून काढलेली सरासरी किती?’ असा केला की वाद मिटतो, आणि पुढची सरासरी जाहीर होईल तेव्हा फक्त ही चिठ्ठी आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या एक-दोन चिठ्ठ्या बदलाव्या लागतात. ‘डोंगर आणि पाऊस’ या गठ्ठ्याला हात लावावा लागत नाही.